दीपस्तंभ विझवा, वही उघडा

रायगडच्या किनाऱ्यावर दोन प्रकारचे दीपस्तंभ आहेत. एक खांदेरीवरचा. थळच्या समोर समुद्रात उभा राहून तो रात्री खरोखर उजेड देतो आणि त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. दुसरे आहेत पुरस्कारांच्या अर्जांत. मांडव्यापासून हरिहरेश्वरापर्यंत ज्या ज्या गावाने, मंडळाने किंवा बचत गटाने कुठल्या पुरस्कारासाठी अर्ज केला, त्यातला जवळजवळ प्रत्येक उपक्रम ‘संपूर्ण महाराष्ट्रासाठी दीपस्तंभ’ ठरलेला असतो. एवढे दीपस्तंभ खरोखर पेटले, तर आमच्या कोळ्यांना रात्री बंदर कुठलं आणि अर्ज कुठला हेच कळणार नाही.

गेली काही वर्षं असे अर्ज दुरुस्त करण्याचं काम माझ्याकडे येतं. मी विशेषणं खोडतो, आकडे मागतो आणि ‘हे कशावरून?’ असं समासात लिहितो. त्यावर मला जे ऐकावं लागतं, त्याला उत्तर देण्यासाठी हा लेख आहे. माझ्या विरोधकांचं म्हणणं मी त्यांच्यापेक्षाही नीट मांडतो, म्हणजे नंतर तक्रार नको. ते म्हणतात: अर्ज म्हणजे जबाब नव्हे, वकीलपत्र. आपलं कौतुक आपण नाही केलं तर कोण करणार? आकड्यांत गावाचा जीव येत नाही. परीक्षक वाचत नाहीत, फोटो चाळतात. आणि सगळेच फुगवून लिहितात, मग आपणच तेवढे हरिश्चंद्र का व्हायचं?

चार मुद्दे आहेत. चारही ऐकायला शहाणे वाटतात आणि चारही पोकळ आहेत.

पहिला मुद्दा स्तुतीचा. आपलं कौतुक आपण नाही तर कोण करणार, असं विचारणाऱ्यांना मी सांगतो की तेच काम करायला पुरस्कार देणारे बसले आहेत. त्यांचा तो धंदाच आहे. ‘उत्कृष्ट’, ‘आदर्श’, ‘अनुकरणीय’ हे शब्द निकालपत्रातले आहेत. ते अर्जात आधीच वापरले, तर परीक्षकाला उरलं काय? परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवर विद्यार्थ्याने स्वतःच लाल शाईने ‘फारच छान’ लिहून ठेवावं, तसं हे आहे.

आणि हा धडा आपल्याला बाहेरून कुणी शिकवायला नको. दासबोधातल्या दुसऱ्या दशकाचा पहिलाच समास मूर्खलक्षणांचा आहे आणि स्वतःची स्तुती करणं त्या यादीत आहे. वाडवडिलांची कीर्ती सांगत बसणं हेही तिथंच आहे. हा ग्रंथ ज्या शिवथरघळीत लिहिला गेला असं मानतात, ती घळ महाड तालुक्यात, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात आहे. आणि त्याच जिल्ह्यातल्या अर्जांचं पहिलं वाक्य काय असतं? ‘छत्रपती शिवरायांच्या पदस्पर्शाने पावन झालेल्या रायगड जिल्ह्यातील निसर्गाच्या कुशीत वसलेले आमचे गाव...’ महाराजांच्या पुण्याईवर गावाचा काय हक्क, हा प्रश्न मी बाजूला ठेवतो. पण ते वाक्य जिल्ह्यातल्या प्रत्येक गावाला लागू पडतं. जे वाक्य शेजारच्या गावाच्या अर्जात तसंच्या तसं चिकटवता येतं, ते तुमच्या गावाबद्दल काहीही सांगत नाही. मी ते पहिल्यांदा खोडतो.

कौतुकाला माझा सरसकट विरोध नाही. ते दुसऱ्याच्या तोंडचं हवं, एवढंच. त्या माणसाचं नाव, हुद्दा आणि तारीख सांगता आली, तर वनपालाचं एक साधं पत्रही चालतं. ‘सर्व स्तरांतून कौतुकाचा वर्षाव झाला’ हे मात्र चालत नाही. ज्याने वर्षाव केला त्याचा पत्ता कुणाकडेच नसतो.

दुसरा मुद्दा सगळ्यात जास्त पुढे केला जातो: आकडे कोरडे असतात, त्यात गावाचा जीव येत नाही. याला मी एक अर्जच उत्तर म्हणून देतो. किनाऱ्यावरच्या एका गावाने कासव संवर्धनाच्या कामासाठी तो केला होता. गावाचं नाव सांगत नाही आणि ते ओळखू येऊ नये म्हणून आकडेही बदलले आहेत. हिशेब मात्र तोच आहे. मूळ परिच्छेद असा होता:

‘आमच्या गावाने कासव संवर्धनाच्या क्षेत्रात अभूतपूर्व क्रांती घडविली असून ग्रामस्थांच्या अथक परिश्रमांतून हजारो कासवांचे प्राण वाचले आहेत. घरट्यांच्या संख्येत लक्षणीय वाढ झाली असून पर्यटनामुळे गावाचा कायापालट झाला आहे. आमचा पॅटर्न संपूर्ण महाराष्ट्रासाठी दीपस्तंभ ठरला आहे.’

या तीन वाक्यांपैकी कुठलंही खोटं पाडता येणार नाही. त्यामुळेच कुठलंही खरंही ठरवता येणार नाही. मी गावाकडे एकच गोष्ट मागितली: हॅचरीची वही. ती आली. कोपरे दुमडलेले, पानांना वाळू लागलेली, दोन वेगळ्या हातांची अक्षरं. प्रत्येक घरट्याला एक ओळ होती. सापडल्याची तारीख आणि वेळ, किनाऱ्यावरची जागा, अंडी किती, हॅचरीत कितव्या खड्ड्यात ठेवली, पिल्लं कधी बाहेर आली, किती सोडली आणि न उबलेली अंडी किती उरली. त्या वहीने तिन्ही वाक्यांचा निकाल लावला.

आधी ‘हजारो कासवांचे प्राण’ घेऊ. तीन हंगामांत मिळून 4,757 अंडी हॅचरीत ठेवली आणि 2,817 पिल्लं समुद्रात सोडली. म्हणजे हजारो हा शब्द तसा खोटा नव्हता. खोटं होतं ते क्रियापद. ऑलिव्ह रिडलेच्या पिल्लांपैकी हजारात एखादंच मोठं होत असावं, असा सर्वसाधारण अंदाज सांगतात. वाळूवरून लाटेपर्यंत गेलेलं पिल्लू वाचलं असं म्हणता येत नाही, फक्त सोडलं असं म्हणता येतं. ‘प्राण वाचले’ खोडून ‘समुद्रात सोडली’ लिहिलं की तोच आकडा ताठ उभा राहतो. संपादन म्हणजे केवळ विशेषणं उपटणं नव्हे. क्रियापद कामापेक्षा मोठं झालंय का, हे आधी पाहावं लागतं.

मग ‘लक्षणीय वाढ’. पहिल्या हंगामात 9 घरटी सापडली, दुसऱ्यात 14, तिसऱ्यात 21. अर्जदार खूश होते, कारण दुपटीहून अधिक वाढ झाली होती. मी विचारलं, शोधत कोण होतं? पहिले दोन हंगाम एकच कासवमित्र होता आणि पहाटे त्याच्याच्याने निम्माच किनारा होई. पाच किलोमीटरपैकी अडीच. तिसऱ्या हंगामात गावाने दुसरा माणूस नेमला आणि पूर्ण पाच किलोमीटरवर गस्त सुरू झाली. वहीत जागा लिहिलेली असल्यामुळे घरटी दोन भागांत मोजता आली. जुन्या अडीच किलोमीटरमध्ये तिसऱ्या हंगामात 11 घरटी होती, नव्या भागात 10.

आता जुन्या भागाचे तीन आकडे शेजारी ठेवा: 9, 14, 11. कुठे आहे लक्षणीय वाढ? घरटी दरवर्षी कमीजास्त होतात. तीन हंगामांवरून त्यांचा कल सांगता येत नाही. वाढली होती ती शोधणारी माणसं.

इथं माझे विरोधक टाळ्या वाजवतील. पाहा, आकड्यांनी गावाचं यश खाल्लं! पण उलट झालं. वाढीचा दावा गेला आणि त्याच्या जागी गावाचं खरं काम दिसलं. कासवं किती यावीत हे गावाच्या हातात नव्हतंच. समुद्र, वाळू आणि कासव यांचं श्रेय गावाने का घ्यावं? गावाच्या हातात होतं दुसरा माणूस नेमणं. ते त्यांनी केलं आणि त्यामुळे आधी कुणी पाहतच नसलेल्या अडीच किलोमीटरमध्ये 10 घरटी हाती लागली. हा दावा लहान आहे, पण तो संपूर्णपणे गावाचा आहे. त्या माणसाच्या पहाटेच्या चालीइतका जीव ‘अथक परिश्रम’ या दोन शब्दांत होता का?

आकडा बरोबर असूनही त्यातून भलताच अर्थ काढला जातो, त्याचा आणखी एक नमुना त्याच अर्जात होता. एका ठिकाणी लिहिलं होतं की तिसऱ्या हंगामात 21 माद्या किनाऱ्यावर आल्या. वहीत 21 घरटी होती. एकच मादी एका हंगामात एकाहून अधिक वेळा अंडी घालू शकते. म्हणून घरटी मोजून माद्या सांगता येत नाहीत. माद्या ओळखायच्या तर त्यांच्या परांवर खूण लागते. 2021 साली ओडिशात गहिरमाथ्याच्या किनाऱ्यावर एका मादीला 03233 क्रमांकाची पट्टी लावली होती. तीच मादी 2025 च्या जानेवारीत थेट कोकणात, गुहागरच्या वाळूवर अंडी घालताना सापडली. पूर्व किनाऱ्यावरचं कासव पश्चिम किनाऱ्यावर येतं हे त्या पाच अंकांनी सांगितलं. पुरावा म्हणतात तो याला. गावाकडे अशी पट्टी नव्हती, म्हणून ‘माद्या’ खोडून ‘घरटी’ केलं.

‘कायापालट’चं काय केलं? वहीत तो नव्हता, ग्रामपंचायतीच्या दप्तरात नव्हता, कुणाच्या पावतीपुस्तकातही नव्हता. तो काढून टाकला.

सगळ्यात मोठा वाद झाला तो मी घातलेल्या एका वाक्यावरून. तिसऱ्या हंगामात 2,268 अंड्यांतून 1,247 पिल्लं निघाली, म्हणजे 55 टक्के. आधीच्या हंगामात हेच प्रमाण 65 टक्के होतं. मूळ अर्जात टक्केवारी अर्थातच नव्हती. घरटी वाढली हे सांगायचं आणि उबण्याचं प्रमाण घटलं हे गिळायचं, असा बेत होता. वहीत कारण स्पष्ट होतं. हॅचरीतल्या समुद्राकडच्या रांगेतले चार खड्डे उधाणाच्या भरतीत भिजले आणि त्यांतली 432 अंडी वाया गेली. उरलेल्या 17 घरट्यांचं प्रमाण काढलं तर ते 68 टक्के येतं. त्यानंतर गावाने हॅचरी भरतीरेषेपासून वर हलवली.

हे अर्जात घालायचं का? ‘आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा?’ असं मला विचारलं गेलं. मी म्हटलं, अर्जातलं सर्वांत दमदार वाक्य हेच आहे. चूक कुठं झाली, किती नुकसान झालं आणि काय बदललं, हे जो सांगू शकतो तो मोजत होता हे सिद्ध होतं. ज्याच्या अर्जात एकही अपयश नाही, त्याने एक तर मोजलं नाही किंवा मोजून लपवलं. परीक्षकाने दोन्हींपैकी काय समजायचं?

शेवटी परिच्छेद असा झाला:

‘गावाच्या 5 किमी किनाऱ्यापैकी पहिल्या दोन हंगामांत 2.5 किमी भागात गस्त होती. तिसऱ्या हंगामात दुसरा कासवमित्र नेमून संपूर्ण किनाऱ्यावर रोज पहाटे गस्त सुरू केली. जुन्या भागात 11 आणि नव्या भागात 10 अशी 21 घरटी सापडली. त्यांतील 2,268 अंड्यांपैकी 1,247 अंड्यांतून पिल्ले बाहेर येऊन समुद्रात सोडली (55 टक्के). समुद्राकडच्या रांगेतील 4 घरटी उधाणात भिजून वाया गेली; उरलेल्या 17 घरट्यांत हे प्रमाण 68 टक्के आहे. हॅचरी आता भरतीरेषेपासून वर हलवली आहे. पुरावा: हॅचरीची नोंदवही, तिन्ही हंगाम (परिशिष्ट 1), वनविभागाला दिलेले हंगामी अहवाल (परिशिष्ट 2), हॅचरीच्या जुन्या व नव्या जागेचे तारखेसह फोटो (परिशिष्ट 3).’

क्रांती गेली, दीपस्तंभ विझला, आणि पहिल्यांदाच गाव दिसू लागलं. आता सांगा, कोरडं काय होतं?

तिसरा मुद्दा: परीक्षक वाचत नाहीत. हे म्हणणारे परीक्षकाच्या टेबलावर कधी बसलेले नसतात. समोर अर्जांचा ढीग असतो आणि प्रत्येक निकषाला गुण द्यायचे असतात. ‘परिणामकारकता’ या रकान्यात गुण लिहिताना परीक्षकाला अर्जात बोट ठेवायला जागा लागते. तुम्ही तिथं ‘अभूतपूर्व’ ठेवलं असेल, तर त्याचं बोट घसरतं. तो फोटो चाळतो हे खरं असेलही. पण तुमच्या वाक्यांत थांबण्यासारखं काही नसतं, म्हणूनच तो फोटोंकडे वळतो. आणि तिथं तरी काय असतं? फीत कापणारे पाहुणे, बॅनर, आणि पिल्लू सोडताना कॅमेऱ्याकडे पाहणारे सतरा जण. तारीख नाही, जागा नाही, कशाचा पुरावा हे नाही.

नाव घेतलेला पुरावा किती वजनदार असतो, हे अलिबागकरांना तरी सांगायला नको. आपला पांढरा कांदा गोड आहे हे जत्रेतला प्रत्येक विक्रेता ओरडून सांगतो. भौगोलिक मानांकन मिळवताना मात्र त्या ओरडण्याचा उपयोग झाला नाही. तिथं आधार म्हणून दाखवला गेला तो 1883 च्या गॅझेटियरमधला उल्लेख. कुण्या इंग्रज अंमलदाराने कांद्यावर प्रेम म्हणून नव्हे, तर नोंद म्हणून लिहिलेली ती ओळ होती. स्तुती करणाऱ्या हजार तोंडांपेक्षा ती कामाला आली, कारण तिला साल आहे आणि ती कुणालाही उघडून पाहता येते. श्रीवर्धन आणि नागावच्या किनाऱ्यांना 2025 मध्ये ‘ब्लू फ्लॅग’ मानांकन मिळालं, तेही ‘रमणीय’ म्हणवून मिळत नाही. तिथं पाण्याचे नमुने तपासून अहवाल द्यावा लागतो. पाणी किती निळं आहे यावर निबंध कुणी मागत नाही.

म्हणून अर्जात ‘सोबत पुरावे जोडले आहेत’ एवढंच लिहून भागत नाही. कुठला दावा कुठल्या कागदावर उभा आहे, हे त्या दाव्याच्या शेजारीच हवं. चाळीस पानांची परिशिष्टं जोडून परीक्षकाला त्यात पोहायला सोडणं म्हणजे पुरावा देणं नव्हे. तो पुरावा पुरण्याचा प्रकार आहे.

चौथा मुद्दा उरला: सगळेच फुगवतात, मग आपण का नाही? या मुद्द्याची मला सर्वांत जास्त चीड आहे, कारण तो व्यवहाराचं सोंग घेऊन येतो. पण व्यवहार तरी नीट पाहा. वीस अर्जांतले एकोणीस ‘अभूतपूर्व’ असतील, तर विसाव्या ‘अभूतपूर्व’ने काय साधणार? त्या गर्दीत उठून दिसतो तो मोजलेला अर्ज. आणि परीक्षकांची समिती गावात आली तर? संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानापासून, म्हणजे 2000 सालापासून, तपासणीला येणाऱ्या समित्या महाराष्ट्रातल्या गावांनी पाहिल्या आहेत. त्यांच्यासमोर ‘कायापालट’ दाखवायची वेळ आली की गावकरी कुठं बोट दाखवणार?

इथं माझे विरोधक एक बरी गोष्ट सांगतात: आकडेही फुगवता येतात. अगदी खरं. केंद्र सरकारच्या निर्मल ग्राम पुरस्काराने आपल्याला हेच शिकवलं. गावं हागणदारीमुक्त जाहीर झाली, फलक लागले, आणि पुढे त्यांतली कित्येक गावं पुन्हा घसरल्याचं दिसलं. संडास बांधले किती हे मोजलं गेलं, ते वापरतात किती आणि कधीपर्यंत, हे तितक्या चिकाटीने मोजलं गेलं नाही. पण यातून निघतं काय? ‘मोजू नका’ हे खचितच नाही. नेमकं काय मोजलं ते लिहा आणि काय मोजलं नाही तेही लिहा, हे निघतं. खोट्या आकड्याला पकडता येतं, कारण त्याला वही विचारता येते. ‘अथक’ला कुणी कधी पकडलंय?

तेव्हा माझं म्हणणं मी मऊ न करता पुन्हा सांगतो. पुरस्काराच्या अर्जातली आत्मस्तुती ही निरुपद्रवी हौस नाही. ती कामाची चोरी आहे. पहाटे चारला उठून बॅटरी घेऊन किनाऱ्यावर चालणारा जो कासवमित्र, त्याचं नेमकं काम ‘ग्रामस्थांच्या अथक परिश्रमां’त विरघळवून टाकायचं आणि श्रेय अर्ज लिहिणाऱ्याच्या शब्दसंपदेला द्यायचं, हे तिचं खरं रूप. त्याने ओल्या हाताने वहीत लिहिलेल्या ‘खड्डा क्र. 7, अंडी 104’ या ओळीपुढे तुमची सारी अलंकारिक मराठी फिकी आहे.

यंदाचा अर्ज लिहायला बसाल तेव्हा आधी ती वही मागवा. प्रत्येक वाक्याला तीन प्रश्न विचारा: किती? कशावरून? आणि हे आपण केलं नसतं तर काय झालं असतं? तिन्हींना जे वाक्य उत्तर देत नाही, ते खोडा. खोडून खोडून अर्ज अर्ध्या पानावर आला, तर अर्धं पान पाठवा. आणि वहीच नसेल, तर यंदा अर्ज करू नका. वही विकत आणा.